एकाच वर्गातील तीन स्तरांसाठी गुणोत्तराच्या सरावपत्रिका : मदत हवी आहे

खडूफळा : मी गुणोत्तराच्या तीन सरावपत्रिका तयार केल्या आहेत. पहिलीत लहान संख्या आहेत, दुसरीत मध्यम आणि तिसरीत मोठ्या व दशांश संख्या. तरीही पहिल्या पत्रिकेवरची मुले अडकतातच आणि तिसरीवरची लवकर मोकळी होतात. निळा आणि पांढरा रंग 4:6 या प्रमाणात मिसळायचा असेल तर 10 वाट्या निळ्यासाठी पांढरा किती लागेल, या प्रश्नाला काही मुलांनी 12 असे उत्तर लिहिले. स्तर नेमके कशावरून ठरवावेत?

पाटीपेन्सिल : पहिल्या गटाला संख्या आणखी लहान द्याव्यात आणि सगळी उदाहरणे एकमान पद्धतीने सोडवून घ्यावीत.

समछेद : एकमान पद्धत पुढे उपयोगी पडेल, पण संख्या लहान करून हा दोष जाणार नाही. 4 आणि 6 यांत 2 चा फरक आहे म्हणून 10 ला 12 लिहिणारे मूल 2:3 दिले तरी 4 ला 5 च लिहील, कारण ते पट पाहत नसून फरक पाहते. म्हणून तिन्ही पत्रिकांत प्रसंग रंगाचाच ठेवावा, म्हणजे शेवटची चर्चा सर्वांना एकत्र करता येते, आणि बदलावे ते प्रश्नाचे स्वरूप. पहिलीत दोन ओळींचा तक्ता द्यावा : वर निळा 4, 8, 2, 10 आणि खाली पांढरा 6, 12, बाकी रिकामे. दुप्पट आणि निम्मे करत मूल 2 खाली 3 लिहिते, मग 8 आणि 2 मिळून 10 होतात तसे 12 आणि 3 मिळून 15 होतात, हे त्याचे त्यालाच दिसते. दुसरीत तक्ता काढून घ्यावा आणि 40 वाट्यांचे मिश्रण 3:5 मध्ये विभागायला सांगावे. येथे 15 आणि 25 ऐवजी 24 आले, तर मुलाने 40 चे तीन-पंचमांश काढले, म्हणजे एकूण भाग आठ आहेत हे त्याच्या ध्यानात आलेले नाही. तिसरीत एकूण मिश्रण सांगूच नये. गुणोत्तर तेच 3:5 ठेवून पांढरा 12 वाट्यांनी जास्त आहे एवढेच सांगावे. दोन भागांच्या फरकावरून एक भाग 6, म्हणून 18 आणि 30 येतात. मग गुणोत्तर 4:5 करण्यासाठी निळा किती वाढवावा, हे विचारावे.

नवाअध्याय : आमच्याकडे दोन इयत्ता एकत्र बसतात, त्यांनाही हेच चालेल का?

समछेद : आपला प्रश्न निराळा आहे, तेथे अभ्यासक्रमच वेगळा असतो.

पाटीपेन्सिल : तक्त्याची सवय लागली की मुले तो सोडायला तयार होत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

समछेद : ती अडचण खरी आहे. मी तक्त्यातील रकाने हळूहळू कमी करत जातो, पण प्रत्येक मुलाच्या बाबतीत ते साधतेच असे नाही.

खडूफळा : तक्ता उद्याच देऊन पाहते. मात्र पत्रिका मुलांनी स्वतः निवडावी की मी वाटावी? वाटल्यास पहिली पत्रिका कोणाची, हे साऱ्या वर्गाला कळते.