बुरशीचा फोटो
‘पेजवर पहिलीच कडवट कमेंट आली, डिलीट करू का?’

नका करू. माझ्या वहिनीने कैरीचं लोणचं विकायला घेतलं आणि दुसऱ्याच आठवड्यात कमेंट आली, ‘बुरशी आलीय, पैसे पाण्यात.’ रात्रभर रडली बिचारी. सकाळी तिने त्या ताईंकडून फोटो मागवला. बुरशी फक्त वर उघड्या पडलेल्या फोडींवर होती. घरच्या बरणीत तेल फोडींच्या बोटभर वर असतं, पण पार्सलमध्ये सांडेल या भीतीने बाटलीत ती तेल कमी घालायची. तिथेच चुकलं!

आता ती फोडी दाबून भरते, पूर्ण गार झालेली फोडणी फोडी बुडेपर्यंत ओतते आणि झाकणाखाली सील लावते. त्या ताईंना बाटली बदलून दिली. कमेंट अजून तिथेच आहे, खाली वहिनीचं उत्तरही.