'सबटेक्स्ट'ला मराठीत काय म्हणाल? आणि 'तणावपूर्ण शांतता' नटानं करायची कशी?

पटकथी

दोन पात्रांची एक शॉर्ट फिल्म लिहितोय, बाराएक मिनिटांची. वडील आणि मुलगा, दोघंही गाडीत. इतकी वर्षं गाडी वडिलांनीच चालवली, आता त्यांची नजर अधू झालीय आणि आज पहिल्यांदा मुलगा चालवतोय. 'बाबा, यापुढे तुम्ही गाडी चालवायची नाही' हे वाक्य शेवटपर्यंत कुणी उच्चारत नाही. बोलणं फक्त आरसा, गिअर, वळण एवढ्यावरच.

संहितेत मी तीन ठिकाणी कंसात 'तणावपूर्ण शांतता' असं लिहिलं होतं. वाचनाच्या वेळी वडिलांचं काम करणारे नट म्हणाले, "लिहिलंय छान, पण मी नक्की काय करू?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे विचारतोय: सबटेक्स्टला नेमका मराठी शब्द कोणता, आणि त्या कंसात काय लिहावं?

शब्दवेडा

सोपं आहे. गर्भितार्थ. जड चालत असेल तर उपसंहिता. कंसात 'सूचक मौन' लिहा.

जुनी तालीम

'सूचक मौन' लिहिलंत तर नट पुन्हा तोच प्रश्न विचारतील, फक्त या वेळी थोडे वैतागून.

गर्भितार्थ हा एका वाक्याचा असतो. 'वा, लवकर आलास!' याचा गर्भितार्थ 'उशीर केलास'. वाक्य संपलं की तोही संपला. सबटेक्स्ट प्रवेशभर खालून वाहत राहतो, वाक्यं बदलली तरी तो तोच असतो. रशियन रंगभूमीवर स्तानिस्लावस्कीनं 'पोदतेक्स्त' हा शब्द रुळवला, त्याचा सरळ अर्थ मजकुराच्या खालचं. आमच्या तालमीत कुणी उपसंहिता म्हटलेलं मी तीस वर्षांत ऐकलं नाही. दिग्दर्शक विचारतो, "वाक्याच्या खाली काय चाललंय?" तेवढ्यात काम होतं.

रसिकराज

परदेशी कशाला जायचं? आपल्याकडे काव्यशास्त्रात व्यंजना आहे, ध्वनी आहे. आनंदवर्धनानं नवव्या शतकात सांगून ठेवलंय. पुढे मम्मटाच्या चर्चेत 'सूर्य मावळला' हे उदाहरण येतं. वाक्य एकच, पण गुराख्याला त्यातून 'गाई परत ने' ऐकू येतं, अभिसारिकेला 'निघायची वेळ झाली', मजुराला 'काम थांबव'. तुमचा 'आरसा नीट कर' त्याच जातीचा.

पटकथी

हे उदाहरण फार आवडलं. पण सेटवर 'ध्वनी' म्हटलं की हातात बूम माइक घेतलेला मुलगा पुढे येतो.

रसिकराज

मग व्यंजना म्हणा.

जुनी तालीम

उदाहरण मलाही पटलं, पण एक फरक आहे. तिथे वक्त्याला अर्थ पोचवायचा असतो आणि ऐकणारा तो बरोबर उचलतो. इथे बाप अर्थ लपवतोय, आणि तरी तो गळतोय. 'मला आता काहीतरी सुचवायचंय' असं मनात धरून नट बोलला की प्रवेश खोटा पडतो. त्यानं झाकायचं काम करायचं असतं.

आठ दिवस

आमच्याकडे याला अबोला म्हणतात. एका लग्नाला जायचं राहिलं त्यावरून बायकोनं आठ दिवस धरला होता. निरोप मुलीमार्फत. 'बाबांना सांग, जेवण झाकून ठेवलंय.' मी समोरच बसलेलो! शेवटी नवव्या दिवशी गीझर बिघडला तेव्हा सुटला. तणाव काय असतो ते आम्हाला विचारा.

शब्दवेडा

भाऊ, प्रश्न तो नाहीये. यांची पात्रं बोलताहेत.

जुनी तालीम

थांबा, यांना हसू नका, यांनी कामाची गोष्ट सांगितलीय. न बोलण्यासाठी मराठीत शब्दांची रेलचेल आहे: अबोला, मौन, चिडीचूप, मूग गिळणं, तोंडात गुळणी धरणं. पण अबोला 'धरतात'. तो जाहीर असतो, दोघांनाही ठाऊक असतो आणि आज कितवा दिवस हेही मोजता येतं. मूग गिळतो तो एकटाच. पटकथींच्या गाडीत यातलं काहीच नाही. तिथे बोलणं चालू आहे, फक्त भलत्याच विषयावर.

त्यासाठी आपल्याकडे सुटा शब्द नसेल, पण म्हण आहे: लेकी बोले सुने लागे. रागवायचं एकीला, ऐकवायचं दुसरीला. तुमच्या बायकोनं मुलीला मध्ये घातलं, तेच. आता गंमत बघा, त्याला तिसरं माणूस लागतं. पात्रं दोनच असली तर लेक कुठून आणायची? तिथे वस्तू लेक होते. बाप आरशाला बोलतो आणि लागतं मुलाला. दोन पात्रांच्या एकांकिकेत वस्तूंना इतकं काम का पडतं, त्याचं मला सापडलेलं कारण हेच.

पटकथी

हे वाचून तासभर बसलो. पहिलं पान टाकतो. बसल्या बसल्या मुलगा सीट मागे घेतो, मग आरसा हलवतो.

"आरसा बरोबर होता."
"मला दिसत नव्हतं."
"मला दिसायचं."

कात्री

मी एडिटिंग करते. तिसरं वाक्य जबरदस्त आहे, आणि म्हणूनच पहिल्या मिनिटात नको. तिथेच झाकण उडालं तर उरलेली अकरा मिनिटं काय शिजवणार?

शब्दवेडा

उलट, तेच तर ठेवायला हवं! नाहीतर प्रेक्षकाला कळणार कसं?

कात्री

कळायला हवं, बरोबर. तेवढ्यापुरतं तुमचं खरं. खाली काय आहे ते प्रेक्षकाला माहीत नसेल तर शांततेचं कोडं होतं, ताण येत नाही. पण ते कळवायला संवाद कशाला? गाडीत बसताना बापाचा हात दाराच्या हँडलच्या शेजारी पडतो, मग चाचपून हँडल सापडतं. दोन सेकंद. मुलगा ते बघतो आणि बघितलं नाही असं दाखवतो. आता आपल्याला माहीत आहे, मुलाला माहीत आहे, आणि मुलाला माहीत आहे हे बापाला माहीत आहे. यापुढे 'वायपर लाव' म्हटलं तरी चालतं.

जुनी तालीम

आणि कंसातल्या 'तणावपूर्ण'चं उत्तर इथेच आहे. भावना लिहू नका, हातापायांना काम द्या. आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस शेजारच्या सीटवर बसला की काय करतो? ब्रेक लागायच्या आधी त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो. तिथे ब्रेक नसतो, तरी. 'तणावपूर्ण शांतता' खोडा आणि 'बापाचा पाय मॅटवर दाबला जातो' असं लिहा. नट पुन्हा विचारणार नाही.

दुसरं, तुमच्या बापाची वाक्यं 'आरसा नीट कर', 'इंडिकेटर दे' अशी सरळ आज्ञार्थी आहेत. ती बदलून बघा: 'वळायच्या आधी इंडिकेटर द्यायचा असतो.' कुणी द्यायचा? कर्ताच नाही. ही सोय मराठीत फार छान आहे, हुकूमही सोडता येतो आणि माणसाचं नावही घ्यावं लागत नाही. मुलगाही मग 'मी बघतो' न म्हणता 'दिलाय' एवढंच म्हणेल. दोघांच्या बोलण्यातून 'मी' आणि 'तू' गळाले की गाडीतली हवा आपोआप घट्ट होते.

रसिकराज

व्याकरणानं नाटक होतं हे मात्र मानलं.

पटकथी

पुन्हा लिहिलं. सातव्या मिनिटाचा भाग:

(वळण. बापाचा पाय मॅटवर दाबला जातो. मुलगा बघतो.)
"मॅट सरकलंय का तिकडचं?"
"नाही."
(पाय मागे जातो.)
"वळणावर गिअर उतरवायचा असतो."
"उतरवलाय."

'मला दिसायचं' आता अगदी शेवटी, गाडी थांबल्यावर. आणि एक शंका: वाक्यावाक्यात पॉज लिहू का?

कात्री

नका. नवख्या फिल्मा इथेच बसतात. प्रत्येक वाक्यानंतर तीन-तीन सेकंदांची सारखी शांतता आली की प्रेक्षक ती मोजायला लागतो आणि ताण जाऊन नुसती संथता उरते. उलट हे दोघं एकमेकांच्या वाक्यावर पटकन बोलू देत, 'दिलाय', 'उतरवलाय' तर जवळजवळ अंगावर. मग 'पाय मागे जातो' तिथे एकच मोठी जागा सोडा. आधी घाई असली तरच ती ऐकू येते.

पानांचा हिशेब सांभाळा. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा ठोकताळा अशा संहितेला लागू पडत नाही. सहा-सात पानांत तुमची बारा मिनिटं भरतील. आणि संवाद घेतले त्याच स्थितीत, कुणी बोलत नसताना, गाडीतल्या नुसत्या शांततेचं अर्धा-एक मिनिट रेकॉर्डिंग घ्या. एडिटमध्ये पॉज लांबवायचा झाला तर तिथे लावायला ते लागतं, नाहीतर आवाज एकदम मेल्यासारखा वाटतो. हे हमखास विसरतात आणि मग संगीत भरतात, संगीत आलं की प्रेक्षकाला काय वाटायचं ते सांगून झालंच.

शब्दवेडा

पॉज आणि शांतता एकच ना?

जुनी तालीम

नाही. हॅरॉल्ड पिंटर संहितेत हे दोन वेगळे लिहायचा. पॉजमध्ये माणूस अजून त्याच विचारात असतो. शांततेत काहीतरी घडून जातं आणि पुढचा माणूस निराळ्या जागेवरून बोलतो. मी मराठीत 'विराम' आणि 'स्तब्धता' लिहिते, नटांना दोन दिवसांत सवय होते. तुमच्या फिल्ममध्ये विराम चार-पाच चालतील, स्तब्धता एकच.

आणि न बोलणाऱ्याला दुबळा समजू नका. स्ट्रिंडबर्गच्या 'द स्ट्राँगर'मध्ये, 1889चं नाटक, दोन बायका आहेत. एकच बोलते, दुसरी अवाक्षरही काढत नाही. दोघींत वरचढ कोण यावर लोक अजून भांडतात.

व्युत्पत्ती

उशिरा आलो. 'ताण' आणि 'तणाव' सगळ्यांनी एकच धरलेत. ताण एकट्यालाही येतो, परीक्षेचा, कामाचा. तणाव दोघांत असतो. जुना शब्द आहे 'तणावा', तंबूची दोरी. दोन्हीकडून ओढ असते म्हणून तंबू उभा राहतो, एकीकडची सुटली की कोसळतो. तुमच्या गाडीचं तेच.

रसिकराज

तणाव संस्कृत 'तन्'वरून. ताणणे, तंतू, सगळं तिथलंच.

व्युत्पत्ती

तंबूचा तणावा फारसीतून आलेल्या 'तनाब'वरून आहे. दोन शब्द मराठीत येऊन एकमेकांत मिसळले असावेत.

रसिकराज

'असावेत' म्हणजे पुरावा नव्हे.

आठ दिवस

गीझरच्या दिवशी बायको काय म्हणाली माहितेय? "पाणी गार येतंय." मला वाटलं माफ केलं. आता हे सगळं वाचून शंका येतेय.

पटकथी

नवी पानं नटांना दिली. आता त्यांचा प्रश्न असा: "पाय दाबला जातो हे बापाला स्वतःला कळतं, की मुलगा मॅटचं विचारतो तेव्हाच कळतं?"

कात्री

तेव्हाच. नाहीतर 'नाही' या शब्दात दम नाही.

जुनी तालीम

मी उलट म्हणेन. पहिल्यापासून कळतंय, थांबवता येत नाहीये. दोन्ही शूट करून बघा.