शब्दचर्चा: प्री-एम्फसिस आणि डी-एम्फसिस

पानगळ
शाळकरी मुलांसाठी एफएम रेडिओवर लेख लिहिते आहे. त्यात हे दोन शब्द आलेत. 'पूर्वबल' आणि 'अपबल' असं काहीतरी सुचतंय, पण आत नेमकं काय घडतं ते कळल्याशिवाय शब्द पक्के करायचे नाहीत. रेडिओतली 'स्सस्स' अशी सरसर यांच्यामुळे कमी होते, एवढंच वाचलं. कशी?

वर्णमाला
भाषाशास्त्रात 'बलाघात' हा शब्द रुळलेला आहे. 'मी आलो' म्हणताना जोर 'मी'वर द्यायचा की 'आलो'वर, यातला फरक. निवेदकाने कुठल्या शब्दावर जोर द्यायचा हे आधीच ठरलेलं असतं, तर 'पूर्वबलाघात' म्हणायला काय हरकत आहे?

खारदांडा
ताई, निवेदकाचा इथे संबंध नाही. जोर दिला जातो तो आवाजातल्या उंच कंपनांवर. स, श, झांजांची किणकिण, बासरीतली फुंक. प्रक्षेपकात शिरण्याआधी साधारण ३ हजार हर्ट्झच्या वरचा भाग चढत्या प्रमाणात वाढवतात. आपल्याकडच्या प्रमाणानुसार १ हजारला ही वाढ अर्धा डेसिबलही भरत नाही, १० हजारला ती सुमारे १० डेसिबल होते आणि १५ हजारला साडेतेराच्या पुढे जाते. हे झालं प्री-एम्फसिस. रेडिओत बरोबर तेवढंच उतरवतात, ते डी-एम्फसिस. गाणं पुन्हा मूळ जागी येतं. सरसर मिसळते ती मधल्या टप्प्यात, हवेत आणि रेडिओच्या पुढच्या भागात. तिला कुणी वाढवलेलं नसतं, त्यामुळे ती नुसती उतरते.

दोनबँड
म्हणजे ट्रेबलचं बटण. आधी वाढवा, मग कमी करा. कॅसेटच्या डॉल्बीत हेच होतं. पण गोंगाट सगळीकडे सारखाच असतो ना, मग एएमला हे का करत नाहीत?

खारदांडा
बटणाचं बरोबर. डॉल्बी मात्र आवाज लहान-मोठा असेल तशी बदलते, हे बदलत नाही. आणि 'गोंगाट सारखाच' हे एफएमला लागू नाही. खरी मेख तिथेच आहे. अमेरिकेत एएमलाही थोडंफार करतात, पण एफएमची गरज मुळातली आहे.

एफएममध्ये माहिती असते वाहक लहरीच्या कंपनसंख्येत. गोंगाट त्या लहरीला वेळेच्या दृष्टीने किंचित मागेपुढे ढकलतो. हे ढकलणं हळू असो वा जलद, सरासरीने सारख्याच ताकदीचं असतं. पण रेडिओतला डिटेक्टर लहर किती सरकली हे पाहतच नाही, ती किती वेगाने सरकते आहे हे पाहतो. सेकंदाला १ हजार वेळा हलली तर जेवढा आवाज निघेल, त्याच्या १५ पट आवाज तेवढीच लहर १५ हजार वेळा हलली तर निघतो. म्हणून एफएमचा गोंगाट खालच्या सुरांत जवळजवळ नसतो आणि वर चढत जातो. आलेखावर काढला तर त्रिकोण दिसतो. कानाला तो घरघर न वाटता सरसर वाटतो, तो यामुळे.

बोलण्यात आणि बहुतेक संगीतात याच्या उलट असतं, वरच्या भागात जोर कमी. गोंगाट जिथे जास्त तिथेच गाणं दुबळं, म्हणून गाण्याला तिथे आधी उचलून घेतात. १५ हजार हर्ट्झपर्यंतचा मोनो कार्यक्रम धरला तर आपल्या प्रमाणाने गोंगाट हिशेबात साधारण १० डेसिबल खाली येतो.

पानगळ
'आपलं प्रमाण' म्हणजे? देशागणिक वेगळं असतं?

खारदांडा
भारतात आणि युरोपात ५० मायक्रोसेकंद, अमेरिकेत ७५. आकडा वेळेचा दिसतो, कारण तो रेझिस्टर आणि कपॅसिटर यांचा गुणाकार आहे. ५ हजार ओहम आणि १० नॅनोफॅरड लावलेत की ५० झाले. ५० ला चढ सुमारे ३१८० हर्ट्झला सुरू होतो, ७५ ला २१२० च्या आसपास.

एडिसनकर
आता उलगडा झाला! नागपूरहून आणलेला आमचा जुना रेडिओ इथे न्यू जर्सीत लावला की बातम्यांतले सगळे स टोचतात. मी स्पीकरला दोष देत होतो.

खारदांडा
पटण्यासारखं आहे. तुमच्याकडे प्रक्षेपण ७५ ने उचललेलं आणि रेडिओ ५० ने उतरवतोय. १० हजारला जवळपास सव्वातीन डेसिबल शिल्लक राहतात. स्पीकर निर्दोष आहे असं मी इथून सांगणार नाही, पण टोचणं याने नक्की वाढेल.

सोल्डरशाई
उलटी गंमत पुण्यात. यूएसबी डाँगलवर एफएम ऐकतो, आवाज झाकल्यासारखा येतो.

```
rtl_fm -M wbfm -f 101.0M | aplay -r 32000 -f S16_LE
```

खारदांडा
मूळ rtl_fm मध्ये `wbfm` निवडलं की डी-एम्फसिस आपोआप लागतो आणि त्यात ७५ पक्के लिहिलेले आहेत. पुण्याचं प्रक्षेपण ५० चं. म्हणजे वरचे सूर गरजेपेक्षा तेवढेच सव्वातीन डेसिबल जास्त उतरतात. कोडमध्ये `75e-6` शोधा, `50e-6` करा आणि पुन्हा बांधून घ्या. किटमध्ये टीईए५७६७ चिप असेल तर तिथे `DTC` नावाची बिट असते: ० म्हणजे ५०, १ म्हणजे ७५.

सोल्डरशाई
किटचा विषय निघालाच आहे तर. एका किटमध्ये सरसर फार होती, म्हणून मी डिटेक्टरच्या तोंडाशीच एक कपॅसिटर लावला. सरसर गेली, पण स्टिरिओही गेला.

खारदांडा
जाणारच. डाव्या-उजव्यातला फरक ३८ हजार हर्ट्झच्या आजूबाजूला बसवलेला असतो. तुमच्या कपॅसिटरने तोच दाबला. आधी स्टिरिओ सोडवायचा, मग डावा आणि उजवा वेगवेगळा उतरवायचा. शिवाय त्या त्रिकोणाच्या टोकाकडे असल्याने हा फरकाचा भाग मुळातच जास्त गोंगाटी असतो. म्हणून स्टेशन क्षीण झालं की मोनो लावल्यावर एकदम शांत वाटतं.

दोनबँड
एवढं सगळं फुकटात मिळतं?

खारदांडा
फुकट नाही. वाहक लहर जास्तीत जास्त ७५ किलोहर्ट्झ हलवायची मुभा. हे प्रमाण ठरलं तेव्हा संगीतात वरचा भाग कमी असायचा. आजच्या गाण्यात झांजा आणि स भरभरून असतात, ते साडेतेरा डेसिबल उचलले की मर्यादा ओलांडतात. मग प्रक्षेपणाआधीचा लिमिटर त्यांना कापतो. स्टेशनवर गाणं सीडीपेक्षा बोथट वाटतं किंवा स फाटतो, त्यात याचा मोठा वाटा. अमेरिकेने १९७४ मध्ये डॉल्बी वापरणाऱ्या स्टेशनांना २५ मायक्रोसेकंदांची मुभा दिली, ती यावरचाच उपाय म्हणून. ती पद्धत टिकली नाही.

पानगळ
मग 'बल' नकोच. 'पूर्वउठाव' आणि 'उठावउतार' कसं वाटतं? चित्रात रंगाला उठाव देतात तसा.

वर्णमाला
उठाव म्हटलं की मुलांना १८५७ आठवेल. आणि 'उठावउतार' जिभेवर अडखळतो. 'उंचसूर-चढ' आणि 'उंचसूर-उतार' करा, काय होतंय ते तरी कळेल.

खारदांडा
आम्ही आयुष्यभर प्री आणि डी एवढंच म्हणत आलो. चढ-उतार मला चालेल, पण आवाजाचा चढउतार असा अर्थ लागू नये.

दोनबँड
शब्द काहीही ठेवा. आमच्या गावी घाटात शिरलं की सरसर नाही, तडतड होते. ते कुठल्या उताराने जाईल?

खारदांडा
कुठल्याच नाही. सिग्नल एका पातळीखाली गेला की डिटेक्टर लहरीचा मागच हरवतो आणि टिकटिक सुरू होते. ती खालच्या सुरांतही पसरलेली असते, उतार तिला फारसं धरू शकत नाही. अँटेनाचं बघा.

दोनबँड
अँटेना म्हणजे इयरफोनची वायर. ती तर नवीन आहे.