फोटोवरून तयार चिकू कसा ओळखायचा? मदत हवी आहे

मंडळी, मी नाशिकला फळांचे फोटो काढून ग्रेडिंगचा छोटा प्रोग्राम करतोय, संत्री-मोसंबीचं कसंबसं जमतंय पण चिकूत पार अडकलोय. कच्चा आणि तयार दोन्ही भुरकटच दिसतात, त्यामुळे नुसत्या रंगावरून काहीच कळत नाही. आमचे काका नखाने हलकंसं खरवडून बघतात, खाली हिरवं दिसलं आणि चीक आला तर कच्चा, पिवळसर दिसलं तर तयार. पण फोटोत खरवडणार कसं?

तयार फळावरचा कोंडा झडतो आणि साल गुळगुळीत होते, म्हणून आता रंग सोडून सालीचा खरखरीतपणा मोजून बघतोय. पण काढताना, हाताळताना कोंडा आपोआप पुसला जातो, मग काल ७-८ कच्चे चिकू तयारमध्ये गेले, शिवाय वाळलेल्या चिकाचे डाग प्रोग्रामला रोग वाटतात!

देठाजवळचा भाग कमी घासला जातो, तर तेवढाच क्रॉप करून बघू का? की प्रत्येक लॉटमधले चार चिकू खरवडूनच फोटो काढावेत? कोणी केलंय का हे? आणि बल्बखाली फोटो पिवळे येतात, त्यासाठी शेजारी पांढरा कागद ठेवला तर पुरेल ना?