मदत हवी आहे: ऑनलाइन शिवणक्लासला वर्षाची फी किती ठेवू? सूट किती देऊ?

शिवणवेडी

नमस्कार मंडळी. मी बार्शीला शिवणक्लास घेते आणि तेच ऑनलाइनही शिकवते. रेकॉर्ड केलेले धडे, आठवड्यातून एकदा लाइव्ह शंकानिरसन, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर बायका आपल्या कटिंगचे फोटो टाकतात त्यावर मी उत्तरं देते. फी महिना ३९९ रुपये, यूपीआय ऑटोपेने कापली जाते. सध्या १२० च्या आसपास जणी चालू आहेत, नवीन महिन्याला साधारण २५ येतात.

दुखणं हे की बायका टिकत नाहीत. गेल्या जूनमध्ये सुट्ट्या संपल्यावर एकदम ६० जणी आल्या होत्या. त्यातल्या दुसऱ्या महिन्याला ४४ जणींनी पैसे भरले, मग ३६, ३१, २८, २६, २०, १८, १७, १६, १५ आणि बाराव्या महिन्याला १५.

माझा भाऊ म्हणतो वर्षाची फी २४९९ ठेव, "जवळपास निम्मी किंमत" असं मोठ्या अक्षरात लिही आणि दिवाळीच्या आत लाव. नवऱ्याचं म्हणणं एवढी सूट म्हणजे वेडेपणा. दोघांनाही कारण नीट सांगता येत नाही. तुम्ही काय कराल?

पुणेरी_मार्केटर

भावाचं ऐका. तुमच्याच आकड्यांची बेरीज करा: ६० जणींनी मिळून ३२६ महिने फी भरली, म्हणजे सरासरी एक बाई साडेपाच महिनेसुद्धा टिकत नाही. ३९९ ने गुणलं तर एका बाईमागे वर्षाला २१६८ रुपये. तुम्ही २४९९ आधीच हातात घेताय! प्रत्येक बाईमागे तीनशेच्या वर जास्त, आणि दर महिन्याची कटकट नाही. यात नुकसान कुठून येणार?

सांगलीची_सून

ताई, मी तर सांगेन वर्षाचं एकदम अजिबात भरू नका. मी एका इंग्रजी बोलण्याच्या क्लासचे पूर्ण वर्षाचे भरले, तिसऱ्या महिन्यात मॅडमनी लाइव्ह घेणंच बंद केलं. फोन उचलत नाहीत. महिन्याचंच बरं, नको वाटलं की बंद.

शिवणवेडी

@सांगलीची_सून, अहो मी भरत नाहीये, घेणारी मी आहे :) पण तुम्ही सांगितलंत ते लक्षात ठेवते.

हिशोबनीस

मार्केटर साहेबांची बेरीज बरोबर आहे, निष्कर्ष नाही. सरासरी बाई नावाची कुणी बाई तुमच्या क्लासमध्ये नाही. आकडे उलटे वाचा: १६ जणी एका महिन्यात गेल्या, ८ दोन महिन्यांनी, ५ तीन महिन्यांनी, आणि १५ जणी पूर्ण वर्ष थांबल्या. म्हणजे एका टोकाला पटकन जाणाऱ्या आणि दुसऱ्या टोकाला चिकटून राहणाऱ्या. मधल्या आठ महिन्यांत पसरलेल्या बाकी १६.

आता विचार करा, वर्षाचे पैसे आधी कोण भरेल? जिला खात्री आहे की आपण शिकणारच. म्हणजे त्या १५ मधलीच. एक महिना बघून जाणारी बाई २४९९ काढणारच नाही, सूट कितीही द्या.

उदाहरण घेऊ. समजा ६० पैकी २० जणींनी वर्षाचं घेतलं. त्यातल्या १२ अशा की तशाही वर्षभर थांबल्या असत्या, आणि ८ अशा की तीन महिन्यांनी सोडलं असतं. महिन्याच्या दराने या २० जणींकडून तुम्हाला ६७,०३२ मिळाले असते. २४९९ ने मिळतील ४९,९८०. सतरा हजार कमी. तुमच्या सगळ्यात पक्क्या विद्यार्थिनींना तुम्ही २२८९ रुपयांची सूट दिली, जी त्यांनी मागितलीच नव्हती.

तेच दर ३९९० ठेवला, म्हणजे बारा महिने दहाच्या भावात, तर त्या १२ जणींमागे ७९८ रुपये जातात, एकूण ९५७६. इतक्या दराला कमी टिकणाऱ्यांपैकी ८ नाही, समजा ३ च येतील. त्यांच्याकडून प्रत्येकी २७९३ जास्त, म्हणजे ८३७९. जवळपास बरोबरीत सुटता. १२ आणि ८ हा माझा अंदाज आहे, तुमचा वेगळा निघेल. पण सवलत जितकी खोल, तितक्या पटकन सोडणाऱ्या जास्त याव्या लागतात, आणि नेमक्या त्याच येत नाहीत.

पुणेरी_मार्केटर

मान्य, सरासरी लावणं चुकलं. पण एक गोष्ट तुम्ही धरली नाहीत. पैसे आधी हातात आले की तेच जाहिरातीला लावता येतात, त्यातून नवीन मुली येतात.

हिशोबनीस

जाहिरातीचे पैसे वसूल होत असतील तर हो. पण आधी चालू १२० जणींचं बघा. ऑफर दिसली की त्यांच्यापैकीही काही जणी लगेच वळतील. ४० वळल्या तर एका दिवसात ९९,९६० येतील, दिवाळी छान होईल. पुढच्या महिन्यापासून मात्र १५,९६० कमी येतील आणि त्या ४० जणींचे फोटो ग्रुपवर तसेच येत राहतील. आलेल्या रकमेचा दरमहा एक बारावा हिस्साच आपला समजायचा, बाकी वेगळ्या खात्यात.

बंड्या_चिपळूणकर

हे अगदी खरं. आमच्या वहिनींच्या योगवर्गात असंच झालं. दिवाळीला निम्म्या दरात वर्ष दिलं, ते पैसे माइक आणि दिव्यांत गेले. मेपर्यंत व्हिडिओ एडिट करणाऱ्या मुलाचा पगार द्यायला पैसे नाहीत, आणि वर्षवाल्या मंडळींना दुसरं कारण सांगता येत नाही. त्यात पुढच्या ऑक्टोबरमध्ये नवीन कुणी पूर्ण दराने येईना, सगळे विचारायचे "दिवाळी ऑफर कधी?"

बाकी जीएसटी लावायला विसरू नका, १८ टक्के आहे.

हिशोबनीस

जीएसटी नोंदणीची मर्यादा सेवांसाठी वर्षाला २० लाख उलाढाल आहे. यांचे १२० गुणिले ३९९ गुणिले १२ म्हणजे वर्षाला पावणेसहा लाख. दुकान किंवा दुसरा धंदा त्याच पॅनवर असेल तर तो धरून मोजा, नाहीतर आत्ता चिंता नाही.

मुक्ता_नाशिक

मी संगीताचे ऑनलाइन वर्ग चालवते. मला दुसरंच काहीतरी दिसतंय. पाचव्या महिन्याला २८, सहाव्याला २६ आणि सातव्याला एकदम २०. पहिल्या तीन महिन्यांनंतर गळती मंद झाली होती, मग मध्येच सहा जणी का गेल्या? तुमचा कोर्स किती महिन्यांत संपतो?

शिवणवेडी

अगं बाई, बरोबर! पेपर कटिंग, साधा ब्लाउज, मुंढा आणि गळ्याचे प्रकार, मग कटोरी, शेवटी प्रिन्सेस कट. हे सगळं पाच ते सहा महिन्यांत होतं. पुढे ड्रेस आणि लेहेंगा आहे, पण पुष्कळ जणींना ब्लाउजच हवा असतो. आपलं शिवून झालं की त्या जातात, आणि रागावून नाही, आशीर्वाद देऊन जातात.

मुक्ता_नाशिक

मग वर्षाचा दर हा प्रश्नच थोडा बाजूला ठेवा. ज्या बाईचं काम सहा महिन्यांत होतं तिला बारा महिने कशाला विकायचे? सहा महिन्यांचा "ब्लाउज पूर्ण कोर्स" १९९९ ला ठेवा. महिन्याने भरलं तर २३९४ होतात, म्हणजे एक महिना फुकट. तीन महिन्यांत सोडणारीने घेतला तर तुम्हाला ८०२ जास्त, पूर्ण सहा महिने शिकणारीने घेतला तर ३९५ कमी. नुकसान झालं तरी झेपण्यासारखं. आणि "ब्लाउज शिकून होईपर्यंत" हे बाईला कळतं. "वार्षिक सदस्यत्व" म्हटलं की ती विचारात पडते.

वर्षाचं ज्यांना द्यायचं त्यांना पाचव्या महिन्यात द्या, ड्रेसचे धडे दाखवून. तोवर कोण टिकणारी ते तुम्हालाही कळलेलं असतं.

हिशोबनीस

सहा महिन्यांचं पटलं. पाचव्या महिन्याबद्दल शंका आहे. तेव्हा उरलेल्या २६ ते २८ जणींत १५ तशाही थांबणाऱ्या. सूट परत त्यांनाच जाणार. तिथे दर कमी करण्यापेक्षा काहीतरी वेगळं द्या, म्हणजे त्यांच्या मापाचा एक पॅटर्न काढून देणं वगैरे.

मुक्ता_नाशिक

शंभर पॅटर्न काढून देण्याचा वेळ कोण देणार? माझ्याकडे दहा टक्क्यांवर काम भागलं. पण संगीत संपत नाही, ब्लाउज संपतो, तेव्हा माझा अनुभव इथे कितपत लागू होईल कोण जाणे.

हिशोबनीस

ताई, आणखी एक तपासा. गेलेल्यांपैकी स्वतः बंद केलेल्या किती आणि पैसेच न कापले गेल्यामुळे गळलेल्या किती? पेमेंट गेटवेच्या डॅशबोर्डवर दोन्ही वेगळे दिसतात. खात्यात शिल्लक नाही म्हणून कापणी फसली, ग्रुपवरून नाव गेलं आणि बाईला वाटलं आपल्याला काढलं, असं होतं. कापणीची तारीख कोणती आहे?

शिवणवेडी

जिने ज्या दिवशी नाव घातलं ती. बऱ्याच २५ ते ३० तारखेच्या. आत्ता पाहिलं, जूनवाल्या ६० पैकी ९ जणींचं "फेल" दाखवतंय, रद्द केलेलं नाही.

हिशोबनीस

मग त्या ९ आधी. महिनाअखेर खाती रिकामी असतात. कापणी ५ ते ७ तारखेला न्या आणि फसली की दोन दिवसांनी पुन्हा प्रयत्न, सोबत व्हॉट्सॲपवर साधा निरोप. याला सूट लागत नाही.

पुढे वर्षाचं ऑटोपे ठेवलंत तर ते आपोआप नूतनीकरण होईल. १५,००० पर्यंतच्या अशा कापणीला दर वेळी यूपीआय पिन लागत नाही. किमान २४ तास आधी सूचना जाते, पण ती कुणी वाचत नाही. ३९९० अचानक गेले तर भांडण होईल. आठवडाभर आधी तुम्हीच कळवा.

सांगलीची_सून

मी आधी उलटं समजले, माफ करा. पण विकत घेणारी म्हणून सांगते. मधे सोडलं तर पैसे परत मिळतील असं लिहिलं असतं तर मी वर्षाचं पुन्हाही घेतलं असतं.

हिशोबनीस

असा नियम करता येईल: जितके महिने शिकलात तितके महिन्याच्या दराने धरायचे, उरलेले परत. ३९९० भरून चार महिन्यांत सोडलं तर १५९६ कापून २३९४ परत. भीती जाते. पण मघाच्या हिशोबात पटकन सोडणाऱ्यांकडून जे जास्तीचे मिळणार होते तेही जातात, हे लक्षात घ्या. मी तरी हा नियम ठेवेन.

पुणेरी_मार्केटर

मी म्हणतो दोन दर लावून बघा ना. अर्ध्या जणींना १९९९, अर्ध्या जणींना २१९९, जास्त चालेल ते ठेवा.

हिशोबनीस

महिन्याला २५ नवीन. १३ मधून ५ जणींनी घेतलं आणि १२ मधून ३ जणींनी, यावरून काय ठरवणार? शिवाय एकाच गावातल्या दोघी जावा वेगळे दर बघून फोन करतील ते वेगळंच.

शिवणवेडी

तेवढं मात्र नक्की होईल, बार्शी आहे ही :)

सगळ्यांचे आभार. सध्या कापणी ६ तारखेला नेते आणि त्या ९ जणींना स्वतः फोन करते. सहा महिन्यांचा १९९९ चा कोर्स या महिन्यात लावते, सूट कायमची, दिवाळीची वेगळी नाही. वर्षाचा ३९९० च ठेवेन, पण पहिल्या पानावर नाही. भावाला अजून पटलेलं नाही, तो म्हणतो १९९९ नको, १७९९ तरी कर. त्यावर कुणाला काही सांगायचं असेल तर सांगा, रविवारी बसून ठरवायचं आहे.

बंड्या_चिपळूणकर

१७९९ म्हणजे साडेचार महिन्यांची फी. चौथ्या आणि पाचव्या महिन्यानंतर जाणाऱ्या तुमच्याकडे फक्त ५ आहेत. भावाला विचारा, दोनशे कोणासाठी कमी करायचे?