डोमकावळा नक्की कोणता? रेव्हनला मराठीत काय म्हणावं?

मैत्रेयी: उंचावरच्या पक्ष्यांवरचा एक लेख मी मराठीत आणते आहे. त्यात दोन काळे पक्षी येतात, जंगल क्रो आणि रेव्हन. मराठी लिखाणात दोघांनाही 'डोमकावळा' म्हटलेलं सापडतं. लेखात लडाखचा एक फोटो आहे. पक्षी उडतोय, फोटो थोडा खालून आणि बाजूने काढलाय, अंग पूर्ण काळं आहे. त्याखाली कोणतं नाव लिहू?

विश्राम: सोपं आहे. मान राखाडी असेल तर गावकावळा, सगळा काळा असेल तर डोमकावळा. खूप मोठा दिसला तर रेव्हन.

अरुंधती: विश्राम, मानेचं बरोबर आहे, पण मैदानी भागापुरतं. लडाखमध्ये रेव्हन, जंगल क्रो आणि कॅरियन क्रो हे तिघेही संपूर्ण काळेच असतात, त्यामुळे तिथे मान काही सांगत नाही. शिवाय फोटोत मान फसवते. काळी पिसं चकचकीत असतात, तिरकं ऊन पडलं की मान राखाडी वाटते. उलट, आकाशाच्या उजेडासमोर टिपलेला गावकावळा पूर्ण काळा दिसतो. आकारावर तर मी विसंबणारच नाही. रेव्हन साधारण 54 ते 67 सेंमी आणि गावकावळा 40 च्या आसपास, हे पुस्तकात ठीक. फोटोत शेजारी मोजायला काही नसेल तर ते आकडे निरुपयोगी. मैत्रेयीताई, चोच आणि शेपूट कशी आहे?

बाबूराव: आमच्याकडेही एक मोठा कावळा येतो. पंख तांबूस, डोळे लालभडक, शेपूट लांब. तोच डोमकावळा का?

अरुंधती: बाबूरावकाका, तो भारद्वाज. काळ्या अंगामुळे आणि चालण्यामुळे कावळा वाटतो, पण तो कोकिळेच्या कुळातला. आणि ज्याला कोणी कावळा म्हणणार नाही तो लांब शेपटीचा टकाचोर मात्र कावळ्याच्याच कुळातला आहे.

मैत्रेयी: फोटो मोठा करून पाहिला. शेपूट अर्धी उघडलेली आहे. मधली पिसं लांब, कडेची आखूड, म्हणजे पाचरीसारखी. मग रेव्हनच ना?

अरुंधती: बहुतेक जण इथेच निर्णय देऊन टाकतात. रेव्हनची शेपूट पूर्ण पसरल्यावर पाचर स्पष्ट दिसते, मधून कडेकडे पिसं पायरीपायरीने आखूड होत जातात. पण हिमालयातल्या जंगल क्रोची शेपूटही बरीच गोलसर असते, ती अर्धी मिटली की टोकदार भासते. आणि पिसं झडून नवी येत असतील तर कडेची अर्धवट वाढलेली पिसं आखूड राहतात, मग साध्या कावळ्यालाही खोटी पाचर मिळते. दोन्ही बाजू सारख्या आहेत का? पंखातही फटी दिसतात का?

मैत्रेयी: डाव्या कडेचं शेवटचं पीस उजव्यापेक्षा बरंच आखूड आहे. डाव्या पंखातही मध्ये एक फट आहे.

अरुंधती: म्हणजे पिसं बदलताहेत. या शेपटीवर भरवसा नको. आता बाजूने दिसणारी चोच बघा. जंगल क्रोची चोच जाड असते, तिची वरची कड कमानीसारखी वळते आणि कपाळ चोचीतून जवळजवळ उभं चढतं. रेव्हनची चोचही जाडच, म्हणून नुसत्या जाडीने भागत नाही. त्याचं कपाळ मात्र बरंच सपाट दिसतं, नाकपुडीवरची केसांसारखी पिसं चोचीवर पुढपर्यंत येतात आणि गळ्याखाली लांब पिसांची झालर असते. कॅरियन क्रोची चोच या दोघांपेक्षा बारीक.

मैत्रेयी: चोच जाड आहे, वरची कड चांगलीच वळलेली. कपाळ चढलेलं वाटतं. गळ्याखाली झालर दिसत नाही.

अरुंधती: मग माझा कल जंगल क्रोकडे. झालर न दिसणं मी हलक्यात मोजते, कारण उडताना ती पिसं अंगाला चिकटून बसतात. कपाळ आणि चोचीची कमान जास्त वजनाची. पण उडणारा पक्षी डोकं किंचित वळवतो तेव्हा कपाळही फसवतं. बाजूने बसलेला फोटो मिळाला तर पक्कं सांगेन.

विश्राम: मग सगळ्या काळ्यांना डोमकावळा म्हणणं चूकच?

अरुंधती: बोलण्यात चूक नाही. लेखात दोन्ही पक्षी असतील तर 'डोमकावळा' जंगल क्रोसाठी ठेवा आणि दुसऱ्याला 'रेव्हन' लिहा. बहुतेक मराठी वाचकांनी डोमकावळा म्हणून पाहिलेला पक्षी जंगल क्रोच आहे.

श्रीधर: रेव्हन का? 'द्रोणकाक' आहे की. अमरकोशात 'द्रोणकाकस्तु काकोलः' असं स्पष्ट आहे.

अरुंधती: शब्द सुंदर आहे. पण तिथे वर्णन नाही, फक्त पर्यायी नाव आहे. मोठा काळा कावळा एवढाच अर्थ असेल तर तो जंगल क्रोलाही लागू पडेल.

श्रीधर: संस्कृत कोशांच्या भाषांतरांत त्याला रेव्हनच म्हटलेलं आहे.

मैत्रेयी: सध्या फोटोखाली 'डोमकावळा (बहुधा)' लिहिते आणि छायाचित्रकाराकडे बसलेला फोटो मागते. रेव्हनच्या परिच्छेदात पहिल्यांदा 'रेव्हन, म्हणजे द्रोणकाक' असं चालेल का?

श्रीधर: मला चालेल.

अरुंधती: मला 'म्हणजे' खटकतं.