आईसाठी ‘नो ॲडेड शुगर’ बिस्किटं: लेबल समजावून सांगा, पर्याय सुचवा (बजेट महिन्याला ३०० रु.)

सायली_डोंबिवली: आई ६४ वर्षांची, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. संध्याकाळी बिनसाखरेच्या चहाबरोबर चार बिस्किटं खाते, पाकिटावर ‘नो ॲडेड शुगर’ आणि ओट्सचं चित्र. चहाआधी साखर १४०, दोन तासांनी २१०. मागे लिहिलंय ते असं.
१०० ग्रॅममागे: कार्बोहायड्रेट ७० ग्रॅम, एकूण साखर १.५, ॲडेड शुगर ०, फॅट १७, प्रोटीन ७. सर्व्हिंग २ बिस्किटं, २० ग्रॅम.
घटक: मैदा, पामतेल, माल्टिटॉल (आयएनएस ९६५) ११%, गव्हाचा कोंडा, ओट्स ४%, माल्टोडेक्स्ट्रिन, मीठ.
साखर नाही, मग वाढते कशाने? आणि दुसरं काय घेऊ?

तात्या_सांगलीकर: माझी सून बदामाच्या पिठाच्या कुकीज मागवते, ४५० ला डबा. एकदम भारी. पैशाकडे बघू नका, तब्येत महत्त्वाची.

मी_माधुरी: साखर दीडच ग्रॅम आहे की! बिस्किटाचा दोष नाही, दुपारचं जेवण बघा. माझ्या मिस्टरांचं तसंच निघालं होतं, दुपारी गुपचूप भात.

लॅबवाला: मी बिस्किटांच्या कारखान्यात क्वालिटीला होतो. माधुरीताई, दुपारचं बघावंच, पण साखरेच्या ओळीवर थांबू नका, आधी कार्बोहायड्रेटची वाचा. मैद्याचा स्टार्च साखरेच्या ओळीत येत नाही, पण पचल्यावर त्याचं ग्लुकोजच होतं.
आता सायलीताईंचा हिशेब. दोन बिस्किटांचे २० ग्रॅम, म्हणजे एक १० ग्रॅमचं. १०० ला ७०, तर एकात ७ ग्रॅम कार्ब. चार खाल्ली की २८. तीस ग्रॅम कणकेच्या पोळीत साधारण २० असतात. आई चहाबरोबर जवळजवळ दीड पोळी खातायत.
घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. मैदा पहिला, म्हणजे सगळ्यांत जास्त तोच. ओट्स पुढच्या बाजूला मिरवलेत म्हणून टक्का छापावा लागला, तो ४!

गूळप्रेमी: म्हणूनच सांगतो, गुळाची नाचणी बिस्किटं घ्या. गूळ नैसर्गिक, आमच्याकडे सगळे तेच खातात.

लॅबवाला: गूळही साखरच, काका. मधुमेहाला त्यात सूट नाही. आणि ‘नाचणी’ बिस्किटातही पहिला घटक कोणता ते पाहा, बऱ्याचदा मैदाच.

प्रसाद_नाशिक: माझा प्रश्न केचपबद्दल आहे, त्यातही साखर असते का? वेगळा धागा काढू का?

मी_माधुरी: असते, भरपूर. धागा काढा. बरं, माल्टिटॉल काय प्रकार? ते खाल्लं की माझं पोट फुगतं.

लॅबवाला: तो गोडव्यासाठी घातलेला पॉलिऑल. साखरेपेक्षा कमी चढवतो, पण शून्य नाही. आतड्यात पुरता शोषला जात नाही म्हणून पोट फुगतं. १०% च्या वर असेल तर जुलाबाची सूचना छापावी लागते, बारीक अक्षरांत शोधा. माल्टोडेक्स्ट्रिन मात्र झटकन चढतं. यादीत खाली असल्याने इथे थोडंच असणार, पण तेही बहुतांशी साखरेच्या ओळीत दिसत नाही.

तात्या_सांगलीकर: म्हणजे बदामाच्या कुकीजच. मी आधीच म्हटलं होतं.

अनुजा_पुणे: काका, बजेट ३०० आहे हो. मूठभर फुटाणे द्या, कार्ब असतात पण प्रोटीन आणि फायबर सोबत, हळू चढतात. माझ्या सासूबाई पर्समध्ये मात्र शुगर-फ्री बिस्किटंच ठेवतात, साखर उतरून घाम फुटला तर म्हणून.

लॅबवाला: घाम फुटल्यावर ती उपयोगाची नाहीत! तेव्हा पटकन चढणारं हवं, ग्लुकोज पावडर किंवा साखर, तीन चमचे पाण्यातून. कोणत्या गोळ्यांनी साखर उतरू शकते ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

सायली_डोंबिवली: सगळ्यांचे आभार. फुटाणे आईच्या दाताला झेपत नाहीत. खरी गोम अशी की ‘शुगर-फ्री’ म्हणून ती मोजतच नाही. साधी मारी दोनच देणार. घरच्या पाकिटावरून एकात साडेचार ग्रॅम कार्ब, दोन म्हणजे ९. साखर आहे त्यात, माहीत आहे.

गूळप्रेमी: मारी? एवढं सगळं बोलून मारी?

लॅबवाला: २८ चे ९ होतायत. मला पसंत नाही, पण हिशेब तिच्या बाजूने आहे. ताई, आठवडाभर चहाआधी आणि दोन तासांनी मोजून इथे टाका.

मी_माधुरी: आणि दुपारचा भात बघा!